लहान मुलांच्या साहसकथेतला धोका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या कथांबद्दल आहेत, म्हणजे मोठं माणूस वाचतं आणि मूल ऐकत ऐकत चित्रं पाहतं अशा कथांबद्दल. बहुतेक ठिकाणी मी एकच उदाहरण घेतलं आहे: धुक्यात हरवलेलं कोकरू शोधायला निघालेली सहा वर्षांची तारा. ही गोष्ट मी लिहिली, ती फसली आणि मग पुन्हा लिहिली, त्यामुळे तिचे सांधे मला नीट ठाऊक आहेत.

धोका सौम्य करायचा म्हणजे त्यातलं नेमकं काय कमी करायचं?

बहुतेक जण धोक्याचा आकार कमी करतात. लांडग्याचं कुत्र्याचं पिल्लू होतं, दरीचा खड्डा होतो, वादळाची झुळूक होते. मग गोष्ट मिळमिळीत लागते आणि मूल तिसऱ्या पानावर उठून जातं. धोका मोठा असायला काहीच हरकत नाही. मुलाला सहन होत नाही ते त्याचं अमर्याद असणं. हा धोका कुठवर आहे, त्याला काठ कुठे आहे, तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे कळलं की मूल भल्यामोठ्या धोक्यासमोरही डोळे विस्फारून बसतं.

काठ दिसला की मुलाच्या मनातला प्रश्नच बदलतो. ‘ती वाचेल का?’ हा प्रश्न चार वर्षांच्या मुलाला झेपत नाही. ‘ती आता हे कसं करेल?’ या प्रश्नावर ते श्वास रोखून बसतं. तुमचा मसुदा यातला कोणता प्रश्न विचारतो, ते आधी पाहा.

याचं एखादं सविस्तर उदाहरण मिळेल का?

ताराच्या गोष्टीचा पहिला मसुदा असा होता. संध्याकाळी डोंगरावर दाट धुकं उतरतं आणि कोकरू दिसेनासं होतं. तारा एकटीच त्याला शोधायला निघते आणि वाट चुकते. कुठून तरी गुरगुर ऐकू येते. ती पळते, पाय घसरतो, आणि ती एका मुळीला धरून दरीच्या काठावर लोंबकळते. मूळ कटकट तुटायला लागतं. तेवढ्यात आजोबा येऊन तिला वर ओढतात.

मला ही गोष्ट फार थरारक वाटत होती. वाचून दाखवली तेव्हा ऐकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीनं मूळ तुटायच्या पानावर माझा हात धरला, पुस्तक मिटवलं आणि म्हणाली, ‘दुसरी सांग.’

कागद घेऊन बसल्यावर दोष दिसले. धुक्याला काठ नव्हता, कारण ते किती पसरलंय हे ताराला माहीत नव्हतं आणि मुलालाही नव्हतं. गुरगुर कुणाची ते शेवटपर्यंत कळतच नव्हतं. आणि सगळ्यात कठीण प्रसंगी तारा काहीच करत नव्हती, नुसती लोंबकळत होती. तिच्या जागी स्वतःला ठेवणाऱ्या मुलालाही मग काही करता येत नव्हतं.

दुसऱ्या मसुद्यात गुरगुर आणि दरी दोन्ही काढली. धुकं मात्र आधीपेक्षा दाट केलं, इतकं की ताराला स्वतःचे बूट दिसत नाहीत. पण त्याआधी, दुसऱ्याच जोडपानावर, लख्ख उन्हात एक दगडी भिंत आणली. कंबरेएवढी उंच ही भिंत घराच्या फाटकापासून कुरणाच्या टोकापर्यंत जाते, आणि तारा रोज त्या भिंतीवरून बोटं फिरवत चालते. धुकं येतं तेव्हा आजोबा फाटकाशी कंदील घेऊन उभे राहतात आणि म्हणतात, ‘तारे, भिंतीवरचा हात सोडायचा नाही हं. मी इथून शीळ घालत राहतो.’

आता सगळा थरार त्या एका हातात आला. कोकराच्या गळ्यातली घंटी किणकिणते आहे आणि तारा भिंतीला हात लावून आवाजाच्या दिशेनं चालली आहे. घंटी जवळ येते, मग अचानक थांबते. कोकरू एकदाच बारीक ओरडतं. ते भिंतीपासून पाच पावलांवर कुठेतरी आहे, आणि तिथे जायचं तर हात सोडावा लागेल. या पानावर मुलं अक्षरशः ओरडतात, ‘नको सोडू!’

तारा गळ्यातला लोकरी पट्टा काढते, एक टोक भिंतीतल्या खुंट्याला बांधते, दुसरं मुठीत घट्ट धरते आणि पावलं मोजत निघते. एक, दोन, तीन, चार. पट्टा संपतो. पाचवं पाऊल उरलंच. ती टोक न सोडता खाली बसते आणि कोकराला रोज चारताना जो आवाज काढते तोच हळूच काढते. गवतात सळसळ होते. मग तिच्या तळहाताला ओलं, गार नाक लागतं.

यात कोणाचाही जीव धोक्यात नाही. तरीही पहिल्या मसुद्यातल्या लोंबकळणाऱ्या तारापेक्षा इथे उत्कंठा कितीतरी जास्त आहे, कारण मुलाला नियम माहीत आहे, अंतर माहीत आहे आणि पट्टा तोकडा पडतो आहे हे डोळ्यांसमोर दिसतं आहे.

या वयात मुलं नेमकी कशाला घाबरतात?

मोठ्यांना वाटतं, मूल कृत्याला घाबरतं. लहान मूल बऱ्याचदा दिसण्याला घाबरतं. सिंथिया हॉफनर आणि जोअ‍ॅन कँटर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मुलांना एका म्हातारीचे प्रसंग दाखवले होते. काहींत ती दिसायला कुरूप होती, काहींत गोड. आणि दोन्ही रूपांत कधी ती दयाळूपणे वागत होती, कधी क्रूरपणे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर तिच्या रूपाचा प्रभाव मोठ्या मुलांपेक्षा जास्त पडला. नऊ-दहा वर्षांची मुलं तिच्या वागण्याकडे अधिक पाहत होती.

लिहिणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. ‘राक्षस भयंकर दिसत होता, पण शेवटी तो चांगला निघाला’ ही युक्ती मोठ्या मुलांना आवडते. चार वर्षांच्या मुलाला मात्र दहा पानं भयंकर चेहऱ्यासोबत काढावी लागतात, आणि अकराव्या पानावरचा खुलासा त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. असं पात्र हवंच असेल तर त्याच्या अंगावर पहिल्याच चित्रात एखादी निरुपद्रवी खूण ठेवा. अवाढव्य सावली, पण तिच्या टोपीला हलणारा गोंडा. मूल तो गोंडा लगेच हेरतं आणि पुढच्या प्रत्येक पानावर आधी तोच शोधतं.

दिसण्याखालोखाल असते ताटातूट, आपलं माणूस हरवण्याची भीती. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

थरार किती वेळ ताणायचा?

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं. सुरुवातीची माहितीची पानं वगळली तर कथेला साधारण १४ जोडपानं मिळतात. ताराच्या गोष्टीत भिंत दुसऱ्या जोडपानावर येते, धुकं चौथ्यावर, घंटी नवव्यावर थांबते आणि अकराव्यावर कोकरू सापडतं. म्हणजे धुकं बराच वेळ आहे, पण खरी धाकधूक फक्त दोन जोडपानं टिकते.

पान उलटणं हे तुमच्या हातातलं सगळ्यात चांगलं साधन. उत्कंठेचं वाक्य उजव्या पानाच्या तळाशी ठेवा आणि त्याचा उलगडा पान उलटताक्षणी, चित्रातच, दिसू द्या. पान उलटल्यावर दोन परिच्छेद वर्णन आणि मग उलगडा, असं केलं की मूल चित्रात काहीच न सापडल्यानं बेचैन होतं आणि वाचणाऱ्याचे शब्द त्याच्या कानावरून जातात. मी घंटी थांबल्याच्या पानावर एकच वाक्य ठेवलं: ‘घंटी थांबली.’ बाकी सगळं पांढरं. वाचणारं माणूस तिथे आपोआप थांबतं, आणि किती थांबायचं हे मांडीवरच्या मुलाकडे पाहून ठरवतं. ती मोकळी जागा त्याच्यासाठीच असते.

रोज एक भाग वाचायची मोठी गोष्ट असेल तर एक पथ्य पाळा. भाग ऐन धोक्यात तोडू नका. मोठ्या वाचकाला ते खेचून ठेवतं, पण पाच वर्षांचं मूल तो धोका अंथरुणात घेऊन जातं आणि तिथे त्याला काठ दाखवायला कुणी नसतं. धोका निवू द्या आणि भाग एखाद्या कुतूहलावर संपवा: ‘पण कोकराच्या पायाला ही निळी माती कुठून लागली?’

मोठी माणसं सोबत असली तर साहस होत नाही, आणि नसली तर मूल घाबरतं. मग काय करायचं?

मोठं माणूस दृष्टीआड ठेवा, पण त्याच्याशी जोडणारा धागा तुटू देऊ नका. ताराच्या गोष्टीत आजोबांची शीळ हा तो धागा आहे. प्रत्येक जोडपानावर ती कुठेतरी ऐकू येते, कधी मोठी, कधी अगदी बारीक. आजोबा काहीच करत नाहीत. कोकरू तारानंच शोधायचं, पट्ट्याची युक्ती तिचीच. पण शीळ आली की ऐकणाऱ्या मुलाचे खांदे सैल पडतात, हे मी पाहिलं आहे.

एका मसुद्यात मी थरार वाढवायला नवव्या जोडपानावर घंटीसोबत शीळही बंद केली होती. ते जास्तच झालं. मुलं कोकरू विसरली आणि विचारायला लागली, ‘आजोबा कुठे गेले?’ एका वेळी एकच आवाज बंद करायचा, हे मी तिथे शिकलो.

आई-बाबा वारले म्हणून नायक एकटा, अशी सुरुवात या वयासाठी मी टाळतो. त्या एका वाक्यापुढे पुढचं सगळं साहस फिकं पडतं, आणि मूल गोष्टभर त्या पहिल्या वाक्यातच अडकून राहतं.

खलनायक हवाच का?

नाही. धुकं, वाढतं पाणी, बंद पडलेला दिवा, मिटत चाललेली वाट पुरेशी असते. खलनायक आणायचाच तर त्याला मुलाला कळेल अशी साधी इच्छा द्या: त्याला ती चकाकणारी शिंपली हवी आहे, त्याला झोप हवी आहे आणि ही मुलं गोंगाट करतात. ज्याला काय हवंय ते कळतं, त्याच्याशी काय करायचं हेही सुचतं. निव्वळ दुष्ट असलेल्या माणसाला काठच नसतो.

मुलं गोष्टीतल्या धोक्याची नक्कल करतील का?

करतील असं धरूनच लिहा. ड्रॅगनवर बसून उडण्याची नक्कल फार तर सोफ्यावरून होते. पण गोष्टीतली मुलगी जुन्या पेटीत शिरून आतून झाकण लावते, काडी पेटवून अंधार पळवते किंवा वाहत्या पाण्यात पाय टाकून पलीकडे जाते, तेव्हा त्या कृतीची नक्कल घरात तशीच्या तशी होऊ शकते. अशी कृती गोष्टीत यशस्वी झालेली दाखवणं मी टाळतो, कारण खाली लिहिलेली सूचना मुलाच्या लक्षात राहत नाही, यश मात्र राहतं.

ताराच्या गोष्टीतही ही अडचण होती. धुक्यात हरवलात तर जागेवरच थांबा, असं आपण मुलांना सांगतो आणि इथे तारा चालत निघते. म्हणून भिंत. तिचा हात सुटत नाही, त्यामुळे ती कधीच हरवत नाही. हरवलेलं असतं ते कोकरू. पट्ट्याचंही तसंच. कच्च्या चित्रात चित्रकारानं पट्ट्याचं एक टोक खुंट्याला आणि दुसरं तसंच ताराच्या गळ्यात दाखवलं होतं. चित्र सुंदर होतं, पण गळ्याला बांधलेला दोर मला कुठल्याही मुलाच्या डोक्यात घालायचा नव्हता. आम्ही ते बदललं. आता टोक तिच्या मुठीत आहे आणि मूठ चित्रात मोठी, अगदी समोर दिसते. चित्रकाराला मजकुरासोबत अशा गोष्टी लेखी द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

भाषेत काय सांभाळायचं?

पहिल्यांदा शोधा ते काठ पुसणारे शब्द: कायमचं, कधीच, कुणीच, कुठेच. ‘आता तिला कुणीच वाचवू शकणार नव्हतं’ हे वाक्य लिहिताना हात सहज चालतो, पण मूल ते शब्दशः घेतं. त्याऐवजी मोजता येईल असं लिहा: ‘भिंत पाच पावलं मागे होती.’ हे वाक्य जास्त नेमकं आहे आणि जास्त धडधड करतं.

दुसरं म्हणजे रूपकं. ‘धुक्यानं डोंगर गिळून टाकला’ असं मी हौसेनं लिहिलं होतं. एका मुलानं गंभीरपणे विचारलं, ‘मग तो पोटातून बाहेर कसा येणार?’ त्याच्या डोक्यात तेव्हापासून धुक्याला तोंड होतं. मी ते ‘धुक्यानं डोंगर झाकला’ असं केलं. झाकलेलं पुन्हा उघडतं, हे मुलाला माहीत असतं. त्याच्यासाठी तो फरक मोठा आहे.

आपल्या भाषेत नादाचे शब्द भरपूर आहेत, त्यांच्यावर भरवसा ठेवा. किणकिण, सळसळ, खसफस, टपटप हे शब्द कुतूहल जागवतात, कारण त्यांच्यामागे काहीतरी छोटं, ओळखता येण्याजोगं असतं. कर्रर्र, गुर्रर्र, धाडकन हे दचकवतात. एका गोष्टीत दचकवणारा आवाज एखादाच ठेवा आणि तो कशाचा, हे पान उलटताच सांगा.

आणि पात्राची भीती शरीरातून दाखवा, पण त्या शरीराला काम करू द्या. ‘ताराच्या पोटात गोळा आला. तिनं पट्टा आणखी घट्ट धरला.’ पहिलं वाक्य एकटं सोडू नये.

मध्ये विनोद घातला तर भीती कमी होते का?

धोका संपल्यावर होते. ऐन धोक्यात विनोद केला की मुलाला वाटतं, आपण घाबरलो म्हणून हसतायत. कोकरू सापडल्यावर ते ताराच्या पट्ट्याचं टोक चघळायला लागतं, तिथे मुलं खदखदून हसतात. तोच विनोद दोन पानं आधी वाया गेला असता.

भीती जास्त झाली, हे कसं ओळखायचं?

मुलांना वाचून दाखवा आणि पुस्तकाकडे कमी, त्यांच्याकडे जास्त पाहा. हवाहवासा थरार असेल तर मूल पुढे सरकतं, पान उलटायला स्वतः हात घालतं, पात्राला ओरडून सल्ले देतं, आणि संपल्यावर नेमकं तेच पान पुन्हा मागतं. जास्त झालं असेल तर ते मागे सरकतं, कान झाकतं, भलत्याच विषयावर बोलायला लागतं किंवा पाणी मागून उठून जातं. सगळ्यात फसवी खूण म्हणजे शांतता. अगदी गप्प, हालचाल न करता बसलेलं मूल रंगून गेलंय असं आपल्याला वाटतं, पण ते गोठलेलंही असू शकतं. तिथे थांबून विचारा, ‘आता काय होईल रे?’ रंगलेलं मूल लगेच तीन शक्यता सांगतं. घाबरलेलं मूल मान हलवतं.

‘ती मरणार का?’ हा प्रश्न आला तर वाचताना खरं उत्तर द्या आणि घरी जाऊन मसुदा दुरुस्त करा. काठ कुठेतरी अंधुक राहिला आहे.

दुसऱ्या वाचनाचीही वाट पाहा. शेवट माहीत असताना मूल त्याच पानावर पुन्हा थरारतं आणि हसतं, तेव्हा धोका नीट बसला आहे. शेवट माहीत असूनही ते पान टाळायला लावतं, तर बहुतेक वेळा दोष चित्रात असतो, मजकुरात नाही. तारा पानाच्या खालच्या कोपऱ्यात एवढीशी आणि वर सगळं धुकं, असं चित्र असेल तर तिला मोठी करा आणि भिंतीचा एक तरी दगड चौकटीत आणा.

एकाच गोष्टीला एक मूल हसतं आणि दुसरं रडतं. कुणासाठी लिहायचं?

दोघांसाठी, पण वाचणाऱ्याला मोकळीक ठेवून. थरार वाढवणारी वाक्यं अशी लिहा की त्यातलं एखादं गाळलं तरी गोष्ट तुटत नाही. घंटी थांबल्यानंतर धुक्याचं वर्णन करणारी दोन वाक्यं मी मुद्दाम सुटी ठेवली आहेत. हळव्या मुलाला वाचणारं माणूस ती सोडून थेट पट्ट्याकडे जाऊ शकतं. याला मर्यादाही आहे. एखादं मूल खरंच कधी हरवलेलं असेल, तर हरवण्याची कितीही मऊ गोष्ट त्याला जड जाऊ शकते. ते ओळखणं जवळच्या माणसाच्या हातात असतं, लेखकाच्या नाही.

धोका संपल्यावर गोष्ट लगेच संपवायची का?

नाही. पहिल्या मसुद्यात आजोबा ताराला वर ओढत होते आणि गोष्ट तिथेच संपत होती. मुलाच्या छातीतली धडधड मात्र चालूच होती. आता कोकरू सापडल्यावर तीन जोडपानं आहेत. बाराव्यावर तारा पट्ट्याला धरून भिंतीपर्यंत परत येते, पुन्हा पावलं मोजत, या वेळी उलटी: चार, तीन, दोन, एक. तेराव्यावर शीळ मोठी होत जाते आणि धुक्यात कंदिलाचा पिवळा ठिपका दिसतो. चौदाव्यावर घर.

तिथे ‘म्हणून एकटं जाऊ नये’ असं वाक्य घालायचा आग्रह एका संपादकांनी केला होता. मी नाही घातलं, कारण त्यामुळे तारा चुकली होती असा अर्थ निघतो, आणि ती चुकली नव्हती. शेवटच्या पानावर ती झोपली आहे, पट्टा खुर्चीवर वाळतो आहे, त्याचं एक टोक चघळून चोथा झालेलं आहे. खिडकीबाहेर धुकं अजून आहे आणि त्यातून एकदा किणकिण ऐकू येते.